डिहायड्रेशनमध्ये सगळ्यात जास्त पाणी कलेक्टिंग डक्ट शोषते ना? मग उत्तर प्रॉक्सिमल कसं?

सायली_फर्स्टइयर

नमस्कार मंडळी. एमबीबीएस पहिलं वर्ष, पुढच्या आठवड्यात फिजिओची इंटर्नल आहे आणि दोन एमसीक्यूंनी माझी झोप उडवलीये.

पहिला असा: एक माणूस चोवीस तास पाणी न पिता राहिला. त्याच्या नेफ्रॉनमध्ये, म्हणजे किडनीच्या गाळणाऱ्या नळीत, गाळलेल्या पाण्याचा सगळ्यात मोठा हिस्सा कुठे परत शोषला जाईल? पर्याय प्रॉक्सिमल ट्यूब्यूल, लूप, डिस्टल ट्यूब्यूल, कलेक्टिंग डक्ट. मी डोळे झाकून कलेक्टिंग डक्ट लिहिलं, कारण डिहायड्रेशन म्हणजे पाणी राखणारं हार्मोन एडीएच आणि एडीएच म्हणजे कलेक्टिंग डक्ट, हे आम्ही घोकूनच बसलोय. उत्तर आलं प्रॉक्सिमल.

दुसरा त्याच माणसाचा: मॅक्युला डेन्सापाशी ट्यूब्यूलमधलं पाणी प्लाझ्माच्या तुलनेत कसं असेल? मी लिहिलं हायपरटॉनिक, कारण लघवी घट्ट होतेय ना. उत्तर हायपोटॉनिक. इथे तर मला वाटलं छपाईच चुकली असेल.

आणि या दोन्हींत ॲल्डोस्टेरॉन कुठे बसतं तेही नीट कळत नाहीये. एकदा वाटतं तो सोडियम वाढवतो म्हणजे रक्तातलं सोडियम वाढणार, पण मग जुलाब झालेल्या पेशंटचं सोडियम कमी का येतं? कुणी तरी समजावून सांगा, पाठ करायला सांगू नका प्लीज.

ओंकार_मिरज

पहिलं उत्तर चुकलंय असंच माझं मत. एडीएचला रिसेप्टर कलेक्टिंग डक्टवर आहेत, प्रॉक्सिमलवर त्याचं काही चालत नाही. डिहायड्रेशनमध्ये जो बदल होतो तो कलेक्टिंग डक्टमध्येच होतो, मग उत्तर दुसरं असूच शकत नाही. सरांना दाखव आणि मार्क मागून घे.

फिजिओवाला

ओंकार, तुझं अर्धं बरोबर आहे आणि त्या अर्ध्यावरच गाडी घसरतेय. बदल कलेक्टिंग डक्टमध्ये होतो हे खरं. पण प्रश्नात "सगळ्यात मोठा हिस्सा कुठे" असं विचारलंय, "सगळ्यात जास्त बदल कुठे" असं नाही. या दोन वाक्यांतला फरक न दिसल्यामुळे दरवर्षी निम्मा वर्ग इथे आपटतो, वीस वर्षं बघतोय मी.

दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळलं जातं. त्यातलं दोन तृतीयांश म्हणजे सुमारे १२० लिटर प्रॉक्सिमलमध्येच परत जातं, माणूस तहानलेला असो की लग्नात सरबताचे चार ग्लास पिऊन आलेला असो. तिथे सोडियम ओढलं जातं आणि पाणी त्याच्या मागोमाग जातं, कुणाची परवानगी लागत नाही. लूपच्या उतरत्या बाजूला अजून पंचवीस-तीस लिटर जातं. डिस्टलच्या तोंडाशी उरतं पस्तीसेक लिटर. म्हणजे कलेक्टिंग डक्टने सगळंच्या सगळं ओढलं तरी पस्तीसच्या वर जाता येत नाही, ती १२० ला गाठणार कशी?

उलट डिहायड्रेशनमध्ये अँजिओटेन्सिन वाढतो आणि प्रॉक्सिमलचा वाटा थोडा वाढतोच. तेव्हा दिलेलं उत्तर बरोबर आहे.

अण्णा_टेलवाला

मी डॉक्टर नाही, शेतकरी आहे, मुलगी नर्सिंगला आहे म्हणून हे वाचतोय. फिजिओवाला सर, हे तर आमच्या कालव्यासारखंच झालं. आवर्तन सुटलं की हेडच्या शेतांनी पाणी घेतलंच समजा, दुष्काळ असो नसो, ते थांबत नाहीत. आम्ही टेलला, आमच्यापर्यंत येतं ते थोडंच. पण टेलचं दार उघडं का बंद यावर ओढ्यात किती पाणी वाया जाणार ते ठरतं. जास्त पाणी कोण घेतं हा प्रश्न वेगळा आणि ओढ्याला किती जातं हा वेगळा.

फिजिओवाला

अण्णा, उद्या वर्गात मी हेच सांगणार आहे, तुमचं नाव घेऊन. ओढा म्हणजे लघवी. टेलचं दार म्हणजे ॲक्वापोरिन-२. एडीएच आला की पेशीच्या आत बुडबुड्यांत ठेवलेल्या या जलवाहिन्या काही मिनिटांत नळीकडच्या भिंतीवर येऊन बसतात, एडीएच ओसरला की परत आत ओढल्या जातात. दार उघडलं की पाणी शेतात, बंद असलं की ओढ्यात.

सायली_फर्स्टइयर

अण्णा, पहिला प्रश्न आता मी जन्मात विसरणार नाही. खूप खूप धन्यवाद! आता मॅक्युला डेन्साचं सांगा ना कुणी. लघवी १२०० मिलीऑस्मोलची होणार असेल तर तिथे पाणी पातळ कसं?

फिजिओवाला

कारण लघवी अजून झालेलीच नाही तिथे! मॅक्युला डेन्सा येतो लूपच्या चढत्या जाड भागाच्या शेवटी. त्या जाड भागाचं काम फक्त मीठ बाहेर काढणं, पाण्याला तिथून बाहेर पडायला वाटच नाही, एडीएच असो नसो. मीठ गेलं, पाणी राहिलं, म्हणून तिथलं पाणी १०० च्या आसपास, म्हणजे प्लाझ्माच्या साधारण एक तृतीयांश. तहानलेल्या माणसातही तसंच आणि पोटभर पाणी प्यालेल्यातही तसंच. फरक सुरू होतो त्यानंतर.

आता त्यानंतरचं जरा निवांत वाच, कारण इथे बहुतेकांच्या डोक्यात चित्र चुकीचं असतं. सगळ्यांना वाटतं पाणी मेडुलात, म्हणजे किडनीच्या आतल्या भागात, ओढलं जातं, कारण मेडुला खारट. पण हिशेब कर. डिस्टलच्या तोंडाशी समज ३६ लिटर आहे, १०० चं. एडीएच असेल तर कॉर्टेक्समधल्या, म्हणजे किडनीच्या बाहेरच्या थरातल्या, कलेक्टिंग डक्टमध्येच हे पाणी बाहेरच्या ३०० शी बरोबरी करेपर्यंत बाहेर पडतं. १०० चं ३०० व्हायचं तर ३६ चं १२ लिटर व्हायला हवं. म्हणजे २४ लिटर कॉर्टेक्सनेच घेतलं. शिवाय ॲल्डोस्टेरॉन तिथेच सोडियम काढून घेतोय, त्यामागे अजून पाणी जातं, म्हणून मेडुलात उतरणारं पाणी बाराहूनही कमी. मेडुलाच्या वाट्याला ते उरलेलं येतं आणि ते आटून अर्धा लिटर होतं.

ही व्यवस्था मला फार सुंदर वाटते. सगळं २४ लिटर मेडुलात सोडलं असतं तर तिथलं मीठ धुऊन गेलं असतं आणि १२०० पर्यंत कधी पोचलोच नसतो. कॉर्टेक्समध्ये रक्ताचा भरपूर ओघ आहे, तो पाणी उचलून घेऊन जातो. मेडुलात रक्त संथ वाहतं, तिथे थोडंच काम ठेवलंय.

वैशाली_वहिनी

नमस्कार, मला एक विचारायचं होतं. सासूबाईंना बीपी आणि हृदयाचा त्रास, डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय. एक गोळी आहे तिच्या पाकिटावर स्पायरोनोलॅक्टोन असं लिहिलंय. आता उन्हाळ्यात त्यांना दोन दिवस जुलाब होताहेत, तर मी त्यांना मीठ-साखरेचं पाणी द्यावं का? इथे सोडियम वाढवायचं म्हणताय म्हणून विचारलं.

नेफ्रो_रेसिडेंट

वहिनी, इथे चर्चा परीक्षेच्या प्रश्नाची चाललीये, सासूबाईंसाठी धाग्यावरचं काही लागू करू नका. पण तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणून आज लगेच त्यांच्या डॉक्टरांना फोन करून सांगा की जुलाब सुरू आहेत आणि ही गोळी चालू आहे. स्पायरोनोलॅक्टोन ॲल्डोस्टेरॉनलाच अडवते. एरवी ते हवंच असतं, पण जुलाबात शरीराला सोडियम धरून ठेवायला ॲल्डोस्टेरॉन हवा असतो आणि पोटॅशियम बाहेर टाकायलाही तोच लागतो. किडनीकडे रक्त कमी पोचत असताना गोळी चालू राहिली तर पोटॅशियम साठू शकतं. गोळी थांबवायची का आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील, रक्ताची तपासणीही सांगतील. स्वतःहून काही बंद करू नका आणि वाटही बघू नका.

वैशाली_वहिनी

फोन लावला. उद्या सकाळी बोलावलंय, आज रात्रीची ती गोळी देऊ नका म्हणाले. देव तुमचं भलं करो.

ओंकार_मिरज

पहिल्या प्रश्नावर मी माघार घेतो. पण सायलीच्या शेवटच्या शंकेवर मी बरोबर असणार. ॲल्डोस्टेरॉन सोडियम परत घेतो, म्हणून रक्तातलं सोडियम वाढतं, म्हणून डिहायड्रेशनमध्ये हायपरनॅट्रेमिया होतो. सरळ आहे.

नेफ्रो_रेसिडेंट

ओंकार, सरळ वाटतं पण तसं नाही. ॲल्डोस्टेरॉन सोडियमचा साठा वाढवतो, सोडियमची तीव्रता नाही. सोडियम घेतलं की ऑस्मोलॅरिटी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कणांची दाटी, जराशी वाढते, मेंदूला ते कळतं, एडीएच सुटतो, तहान लागते आणि पाणी मागोमाग येतं. परिणाम काय, तर पेशीबाहेरचं पाणी वाढलं, सोडियमचा आकडा जवळपास तिथेच. ज्यांच्या अ‍ॅड्रिनलमध्ये ॲल्डोस्टेरॉनची गाठ आहे त्यांचा बीपी चढतो पण सोडियम साधारण नॉर्मलच्या वरच्या टोकाशी असतं, १६० वगैरे कधी होत नाही. सोडियमचा आकडा म्हणजे पाण्याची गोष्ट आहे, आणि पाण्याची किल्ली एडीएचकडे आहे. सोडियमचा साठा म्हणजे भांड्यात किती मावलंय त्याची गोष्ट, ती किल्ली ॲल्डोस्टेरॉनकडे.

हे मला स्वतःला कागदावर मांडल्याशिवाय कधी कळलं नव्हतं म्हणून इथेही मांडतो. सायली, पेन घे.

सत्तर किलोचा माणूस. अंगात पाणी ४२ लिटर, त्यातलं २८ पेशींच्या आत, १४ बाहेर. ऑस्मोलॅरिटी २९०. म्हणजे आत २८ गुणिले २९०, ८१२० मिलीऑस्मोल. बाहेर १४ गुणिले २९०, ४०६०.

पहिला माणूस, वारीतला समज, भर उन्हात चालतोय, ३ लिटर घाम गेला, काही प्यालेला नाही. घाम पातळ असतो, सोडियम लिटरला ५० धरू, म्हणजे ऑस्मोलॅरिटी १००. ३०० मिलीऑस्मोल गेले, तेही बाहेरच्या साठ्यातून. उरलं पाणी ३९ लिटर, उरलेले मिलीऑस्मोल ११८८०. भागाकार केला तर ३०५. आतले ८१२० तसेच आहेत, म्हणून आतलं पाणी ८१२० भागिले ३०५, २६.६ लिटर. बाहेर ३७६० भागिले ३०५, १२.३ लिटर. तर ३ लिटरपैकी बाहेरून १.७ गेलं आणि १.३ पेशींनी स्वतःच्या पोटातून काढून दिलं. सोडियम १४० चं साधारण १४७.

दुसरा माणूस, जुलाब, ३ लिटर गेले पण पातळी प्लाझ्माइतकीच, २९०. ऑस्मोलॅरिटी बदलली नाही, म्हणून पेशींना काही कळलंच नाही, त्यांनी एक थेंबही दिला नाही. ३ लिटरचे ३ लिटर बाहेरून गेले, १४ चे ११ झाले. सोडियम १४० च.

आता बघ, दोघांचेही तीनच लिटर गेले. पण बाहेरचं पाणी एकाचं १.७ ने कमी झालं आणि दुसऱ्याचं ३ ने. ज्याचं बाहेरचं जास्त आटलं त्याची नाडी जास्त पळणार, त्याचा रेनिन जास्त, ॲल्डोस्टेरॉन जास्त. घामवाल्याची तहान जास्त आणि तोंड कोरडं, कारण त्याचे ऑस्मोरिसेप्टर भडकलेत. डिहायड्रेशन शब्द एकच पण दोन वेगळे आजार आहेत हे, आणि प्रश्न तयार करणाऱ्याने त्या दोघांना सगळीकडे सारखं वागवलं की विद्यार्थी गोंधळतो.

ओंकार_मिरज

थांबा थांबा. दुसऱ्याची ऑस्मोलॅरिटी नॉर्मल आहे म्हणताय. मग त्याचा एडीएच वाढायला नको. एडीएच तर ऑस्मोलॅरिटीवर चालतो.

नेफ्रो_रेसिडेंट

ऑस्मोलॅरिटीवर चालतो, पण तेवढ्यावर नाही. ऑस्मोलॅरिटी एक-दोन टक्के सरकली तरी एडीएच हलतो, म्हणून रोजचा कारभार तिच्याकडे. पण रक्ताचं आकारमान आठ-दहा टक्क्यांनी घटलं की दाबाच्या सेन्सरकडून निरोप जातो आणि मग एडीएच अशा जोरात सुटतो की ऑस्मोलॅरिटी काय म्हणते त्याची पर्वा करत नाही. अंगाचा विचार असा की आधी रक्त फिरतं ठेवू, मिठाचा हिशेब नंतर.

आणि म्हणूनच सायलीच्या शंकेचं उत्तर. तो जुलाबवाला तहानेने तीन लिटर साधं पाणी प्यायला, बिनमिठाचं. एरवी तीन लिटर प्यालं की एडीएच बंद होतो आणि दोन-चार तासांत पातळ लघवीतून निघून जातं. इथे आकारमान कमी असल्यामुळे एडीएच चालूच राहिला, दार उघडंच, पाणी आतच अडकलं. हिशेब: एकूण मिलीऑस्मोल १२१८० वजा ८७०, म्हणजे ११३१०. पाणी परत ४२ लिटर. भागाकार २६९. सोडियम १३० च्या घरात. आणि प्यालेल्या तीन लिटरपैकी बाहेर राहिलं किती? ३१९० भागिले २६९, ११.८५. फक्त ०.८५ लिटर बाहेर राहिलं, २.१५ पेशींच्या आत गेलं, मेंदूच्याही. जिथे पाणी हवं होतं तिथे आलंच नाही. ॲल्डोस्टेरॉन भरपूर, सोडियम मात्र कमी. दोन्ही एकत्र नांदतात.

फिजिओवाला

अप्रतिम मांडलंस. एक पुस्ती जोडतो. खऱ्या जुलाबात पोटॅशियमही जातं, त्यामुळे पेशींच्या आतलाही साठा थोडा घटतो, हिशेब इतका स्वच्छ राहत नाही. पण प्रश्नासाठी हे चालतं. आणि मीठ-साखर पाण्यात साखर का घालतात हेही यातूनच निघतं. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकाच वाहकाने हातात हात घालून आत येतात, कॉलऱ्यातही तो वाहक काम करत राहतो. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइनच्या बाटल्या संपल्यावर हेच पाणी लोकांना पाजायला दिलं. आता जे पाकीट मिळतं त्यात लिटरला सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५, एकूण २४५. म्हणजे वरच्या हिशेबातल्या माणसाने साध्या पाण्याऐवजी ते प्यालं असतं तर बरंचसं पाणी बाहेरच्या साठ्यात राहिलं असतं.

दोहावाला_सुनील

मी कतारमध्ये बांधकाम साइटवर सेफ्टीला आहे, सहा वर्षं. वरचं सगळं वाचून अंगावर काटा आला कारण हे मी रोज डोळ्यांनी बघतो. नवीन आलेल्या माणसाच्या काळ्या टीशर्टवर दुपारी पाठीवर मिठाचे पांढरे गोल उमटतात, नकाशासारखे, एकात एक. पंधरा दिवसांनी त्याच माणसाचा टीशर्ट बघा, घाम पूर्वीपेक्षा जास्त येतोय पण मिठाची रेघ नाही. आम्हाला ट्रेनिंगमध्ये फक्त "शरीर सरावतं" एवढंच सांगितलं होतं.

आणि एक जण साधं पाणी पीत राहिलेला, सकाळपासून पाच बाटल्या, तरी दुपारी पायात गोळे, मग उलट्या, मग बडबड. उष्माघात समजून गार केलं पण अंग फार तापलेलं नव्हतं. क्लिनिकमध्ये सोडियम १२४ निघालं. तेव्हापासून मी फक्त पाणी प्या म्हणत नाही, पाकिटाचं पाणी आणि जेवणातलं मीठ दोन्ही बघतो.

फिजिओवाला

सुनील, मिठाच्या रेघा नाहीशा होणं हे ॲल्डोस्टेरॉनचं काम! घामाच्या ग्रंथीच्या नळीवरही तेच सोडियमचे चॅनेल आहेत जे कलेक्टिंग डक्टमध्ये. उन्हात आठवडा-दोन आठवडे काम केलं की ॲल्डोस्टेरॉन वाढून ग्रंथी सोडियम परत ओढायला लागते, घाम पातळ होतो. लगेच होत नाही कारण तो पेशीच्या केंद्रकापर्यंत जाऊन नवी प्रथिनं बनवायला लावतो, त्याला तास लागतात, पूर्ण सराव व्हायला दिवस. एडीएच मिनिटांत, ॲल्डोस्टेरॉन तासांत. प्रश्नात "पंधरा मिनिटांनी" असं लिहिलेलं असलं की तिथेच ॲल्डोस्टेरॉनचा जीन्समार्गे होणारा परिणाम बाद करायचा.

मीरा_नागपूर

माझ्या भावाची गोष्ट सांगते, तो गेली अकरा वर्षं लिथियम घेतो. त्याला लघवी पुष्कळ होते, आम्ही त्याला चहाच्या सवयीवर ढकलत होतो. मागच्या वर्षी पाय मोडला, एका हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनसाठी रात्रीपासून उपाशी ठेवला, पाणीसुद्धा बंद. ऑपरेशन पुढे ढकलत ढकलत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेलं. तो पाणी मागत होता, सिस्टर म्हणत होत्या सलाइन चालू आहे ना. लघवीची पिशवी मात्र भरतच होती, अगदी पाण्यासारखी. दोनदा रिकामी केली. संध्याकाळी तो ओळखेना. सोडियम १५८. लिथियम घेतोय हे आम्ही भरती करतानाच सांगितलं होतं. मला आजपर्यंत कळलं नव्हतं की सलाइन चालू असून सोडियम वाढलं कसं. वरचं वाचून वाटतंय की याचा संबंध या कलेक्टिंग डक्टशी आहे.

नेफ्रो_रेसिडेंट

मीराताई, वाचून फार वाईट वाटलं. संबंध आहेच, अगदी थेट. लिथियम कलेक्टिंग डक्टच्या पेशीत सोडियमच्याच चॅनेलमधून शिरतो, ज्या चॅनेलवर ॲल्डोस्टेरॉनचा हुकूम चालतो. आत साठला की त्याच पेशीतलं ॲक्वापोरिन-२ कमी होतं. एडीएच येतो, दार ठोठावतो, पण दारच उरलेलं नसतं. पाणी थेट ओढ्यात. अशा माणसाला दिवसाला कित्येक लिटर लघवी होते आणि तो तहानेच्या जोरावर तगून राहतो. पाणी तोडलं की तो जगण्याचा एकमेव आधार तोडल्यासारखं होतं.

नॉर्मल सलाइनची ऑस्मोलॅरिटी ३०८. त्याची लघवी दीडशेची असेल समजा. आत ३०८ चं घालायचं आणि बाहेर १५० चं जाऊ द्यायचं, म्हणजे मीठ आत साठणार आणि पाणी निघून जाणार. सलाइनने सोडियम वाढलं ते असं.

हे ओळखायची खूण म्हणजे तुम्ही सांगितलेली ती पिशवी. तहानेने व्याकूळ माणसाची लघवी थोडी आणि गडद असायला हवी. तहान आहे, रक्तात सोडियम चढलेलं आहे आणि लघवी पाण्यासारखी भरपूर आहे, हे तीन एकत्र दिसले की कलेक्टिंग डक्टवर संशय घ्यायचा. मग डेस्मोप्रेसिन, म्हणजे बनवलेलं एडीएच, देऊन बघतात. एडीएचच कमी असेल तर लघवी घट्ट होते, इथे दारच नाही म्हणून फारशी होत नाही.

मीरा_नागपूर

हो, ते इंजेक्शन दिलं होतं, फरक पडला नाही. मग शिरेतून साखरेचं पाणी आणि तोंडाने साधं पाणी देत सोडियम हळूहळू खाली आणलं, तीन दिवस लागले. आता अमिलोराइड चालू केलंय आणि लघवी कमी झालीये.

फिजिओवाला

अमिलोराइड त्याच सोडियमच्या चॅनेलला बूच लावतं, म्हणून लिथियम आत शिरत नाही. सायली, बघ, ॲल्डोस्टेरॉनचं दार आणि एडीएचचं दार एकाच पेशीत कशी बसलीत. तोंडी परीक्षेत कुणी विचारलं की ही दोन्ही हार्मोन्स एकमेकांना कुठे भेटतात, तर या माणसाची गोष्ट सांग.

केमिस्ट_ललित

एक वाद घालतो. सगळे म्हणताय डिहायड्रेशन म्हणजे एडीएच वर आणि ॲल्डोस्टेरॉन वर. पण सायलीच्या मूळ प्रश्नातला माणूस जुलाबवाला नाही, घामवालाही नाही, त्याने फक्त पाणी पिणं बंद केलंय. ऑस्मोलॅरिटी वाढली की अ‍ॅड्रिनलचा ॲल्डोस्टेरॉन बनवणारा थर, झोना ग्लोमेरुलोसा, थेट दबतो, हे पेशींवर दिसलेलं आहे. मेंढ्या, कुत्री यांना पाणी तोडलं तर पहिल्या टप्प्यात ती लघवीतून सोडियम जास्त टाकतात. मग ॲल्डोस्टेरॉन वर हे उत्तर सरसकट कसं?

फिजिओवाला

ललित, मुद्दा खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. सोडियम टाकून दिलं की ऑस्मोलॅरिटी जरा खाली राहते, शरीराचा त्यात फायदाच. पण चोवीस तास झाले, आकारमान घटायला लागलं, की अँजिओटेन्सिन दुसऱ्या बाजूने ओढतो. दोन दोर विरुद्ध दिशेला, कुठला जिंकतो ते किती तास आणि किती पाणी गेलं त्यावर. मी पेपर काढताना म्हणूनच "जुलाब" असं स्पष्ट लिहितो.

केमिस्ट_ललित

तुम्ही लिहिता, सगळे लिहीत नाहीत. "पाणी तोडलं" असं असेल तर मी ॲल्डोस्टेरॉनला "वर" लिहायला कचरतो.

नेफ्रो_रेसिडेंट

एमसीक्यूत कचरू नकोस, "वर" लिही. वॉर्डात मात्र लघवीतलं सोडियम बघ, वीसच्या खाली आलं तर ॲल्डोस्टेरॉन कामाला लागलाय, मग मेंढी काय म्हणते ते राहू दे. अर्थात पेशंट लघवी वाढवणारी गोळी घेत नसला तरच.

अण्णा_टेलवाला

मुलीला हा धागा दाखवला. तिने विचारलं, लघवी गडद दिसली की पाणी कमी पडलं असं धरायचं का? मी म्हटलं विचारतो.

नेफ्रो_रेसिडेंट

अण्णा, बहुतेक वेळा हो, पण मधुमेहाच्या माणसात फसायला होतं. साखर लघवीतून जाताना पाणी ओढून नेते, माणूस आटलेला असतो आणि लघवी भरपूर असते. तिला सांगा, लघवीबरोबर नाडी आणि आडवं-उभं बीपीही बघायचं.

सायली_फर्स्टइयर

मी आत्ता सगळं एका कागदावर काढलं. वर कालवा, हेडला १२०, टेलला दार. मग तीन माणसं: वारीवाला, जुलाबवाला आणि जुलाबवाला ज्याने पाणी प्यालं. एकच खात्री करून घेते. वारीवाल्याचं रक्तातलं सोडियम १४७, पण लघवीतलं सोडियम कमी. जुलाबवाल्याचं रक्तातलं १४०, लघवीतलं अजूनच कमी, कारण त्याचं बाहेरचं जास्त गेलं. आणि तिसऱ्याचं रक्तातलं १३०, लघवी तरीही प्लाझ्माहून घट्ट, एडीएच चालू आहे म्हणून. आणि तिघांच्याही मॅक्युला डेन्सापाशी पाणी पातळच?

फिजिओवाला

तिघांच्याही. तिसऱ्याची घट्ट लघवी तू स्वतःहून काढलीस, ती मी सांगितलेलीच नव्हती.

ओंकार_मिरज

सायली, तो कागद फोटो काढून टाक इथे. माझी इंटर्नल परवा आहे.